एकदा कापलेली समई

छायाचित्रातली एखादी वस्तू मागच्या दृश्यापासून सोडवून घेतली की ती कुठल्याही नव्या पानावर ठेवता येते. डीटीपीच्या दुकानात याला कटआउट म्हणतात. लग्नपत्रिका, दिवाळीचे शुभेच्छापत्र, सराफाच्या दुकानाचा फ्लेक्स, वास्तुशांतीचे निमंत्रण अशा सगळ्या ठिकाणी तीच समई, तोच कलश, तेच तोरण फिरून फिरून लागते. समई नीट कापायला तास-दीड तास सहज जातो. ही मेहनत एकदाच करायची की प्रत्येक नव्या कामाला पुन्हा, हे मात्र कापण्याच्या कौशल्यापेक्षा शेवटी काय जतन केले त्यावर ठरते. जतन करायच्या फाइली दोन असतात. एक काम करायची, जिच्यात सगळे लेयर सुटे राहतात. दुसरी वापरायची, जिच्यात फक्त समई असते आणि तिच्याभोवती काहीच नसते. बहुतेकांकडे यातली दुसरीच सापडते, आणि पहिली नसल्याचे दुःख सहा महिन्यांनी कळते.

उदाहरण म्हणून पितळी समईचा एक उभा फोटो घेऊ. तो 4000 पिक्सेल रुंद, 6000 पिक्सेल उंच आणि राखाडी भिंतीसमोर काढलेला आहे. काम गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये करायचे आहे. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत 1995 मध्ये गिम्प लिहायला घेतला. फोटोशॉपमध्ये मेनूंची नावे वेगळी असली तरी कामाचा क्रम हाच राहतो.

नवशिक्याचा हात पहिल्यांदा खोडरबराकडे जातो. भिंत खोडत खोडत समईपर्यंत यायचे. यात अडचण अशी की खोडलेले पिक्सेल गेले ते गेले. तबकाची कड जरा जास्त खाल्ली गेली आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात आले, तर ती परत आणायची सोय नसते. म्हणून जाणकार माणूस काहीच खोडत नाही, तो मास्क लावतो. मास्क म्हणजे लेयरला जोडलेले एक काळे-पांढरे चित्र. त्यात जिथे पांढरे तिथे वस्तू दिसते, जिथे काळे तिथे ती झाकली जाते आणि जिथे राखाडी तिथे ती अर्धवट दिसते. भिंत फोटोत तशीच असते, फक्त दिसत नाही. कड चुकली तर मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की पितळ परत येते.

समईची बाह्यरेषा स्वच्छ असल्यामुळे ती Paths टूलने आखणे सर्वांत चांगले. पायथ्यापासून सुरुवात करून दांड्याच्या गाठींवरून वर जायचे, तबकाच्या ओठाला वळसा घालायचा, माथ्यावरच्या मोराची चोच, तुरा आणि पिसारा घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरायचे. मोराच्या मानेखाली जी फट असते, तिच्यातूनही भिंत दिसते. तिच्यासाठी वेगळी बंद रेषा लागते, आणि नेमकी हीच जागा राहून जाते. रेषा कडेच्या अगदी वरून न नेता पिक्सेलभर आतून न्यावी. मग त्या रेषेची निवड करायची, Select > Feather मध्ये एक पिक्सेल द्यायचा आणि Layer > Mask > Add Layer Mask मध्ये Selection हा पर्याय घेऊन मास्क लावायचा.

एक पिक्सेल आत का, हे समजले की कटआउटचे निम्मे दोष आपोआप टळतात. पारदर्शक चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांबरोबर चौथा आकडा असतो. त्याला अल्फा म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, 255 म्हणजे पूर्ण भरीव. ही कल्पना एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1970 च्या दशकाच्या अखेरीस मांडली. आता समईच्या कडेचा एकच पिक्सेल घ्या. कॅमेऱ्याने तो टिपला तेव्हा त्याच्या अर्ध्या भागात पितळ होते आणि अर्ध्या भागात भिंत. फोटोत मात्र दोन रंग वेगळे राहत नाहीत, दोन्हींचे मिश्रण होऊन एकच मळकट पिवळा रंग उरतो. मास्कने हा पिक्सेल अर्धा पारदर्शक केला तरी त्याचा रंग मिश्रच असतो. तो मरून रंगाच्या पत्रिकेवर ठेवला की दिसणाऱ्या रंगात निम्मा वाटा मरूनचा, पाव पितळेचा आणि पाव त्या जुन्या भिंतीचा असतो. हा पाव हिस्साच समईभोवती फिकट झालर होऊन उमटतो. एक पिक्सेल आत कापले की असे मिश्र पिक्सेल बहुतेक बाहेरच राहतात.

तरीही पितळेच्या बाबतीत एक गोष्ट उरते. पितळ चकचकीत असते, त्यामुळे दांड्याच्या दोन्ही कडांना भिंतीचे प्रतिबिंब पडते. ही झालर नव्हे, तो धातूचा खरा रंग आहे, पण तो जुन्या खोलीतला आहे. भिंत राखाडी असेल तर हे खपून जाते. हिरव्या पडद्यासमोर काढलेली समई मात्र लाल पानावर ठेवली की कडांना हिरवट दिसते आणि नजरेला खुपते. यावर उपाय म्हणजे समईचा लेयर एका ग्रुपमध्ये ठेवायचा, मास्क त्या ग्रुपला लावायचा आणि आत समईच्या वर रंगदुरुस्तीचा एक रिकामा लेयर घ्यायचा. शेजारच्या पितळेचा रंग उचलून त्या लेयरवर कडांना हलकासा फिरवला की काम होते. मूळ फोटोला हात लागत नाही आणि मास्क ग्रुपला असल्यामुळे हा रंग कडेबाहेर सांडत नाही.

कापणी झाली की नाही हे गिम्पच्या करड्या चौकटींवर पाहून कळत नाही. त्या चौकटी झालर लपवतात. म्हणून ग्रुपच्या खाली तपासणीचे तीन लेयर ठेवावेत: एक पांढरा, एक काळा आणि एक गडद लाल. एकेक चालू करून चित्र शंभर टक्के आकारात पाहावे. पांढऱ्यावर काळपट कड दिसते, काळ्यावर फिकट झालर उजळते, लालवर हिरवट छटा पकडली जाते. मोराखालची विसरलेली फटही इथेच सापडते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर कडेलगत बारीक ठिपक्यांची खरखर दिसेल. जेपीईजी पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून ते दाबते आणि ठळक कडेजवळ ही खरखर उमटते. ती मास्कने जात नाही. अशा वेळी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवून घेणे, हाच उपाय आहे.

आता ही फाइल जतन करायची. Ctrl+S दाबून samai_master.xcf असे नाव द्यावे. एक्ससीएफ हे गिम्पचे स्वतःचे स्वरूप आहे आणि त्याचे नाव बर्कलीतल्या एक्स्पेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी या विद्यार्थी गटावरून आले. त्यात सगळे लेयर, ग्रुप, मास्क, आखलेल्या रेषा आणि जतन केलेल्या निवडी राहतात. लेयरना नावेही याच वेळी द्यावीत: मूळ फोटो, समई, रंगदुरुस्ती, सावली, तपासणी. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला Layer #7 कॉपी या नावावरून काहीही उमगत नाही. एक्ससीएफमध्ये न राहणारी मोठी गोष्ट म्हणजे अनडूचा इतिहास. फाइल बंद केली की मागे जाण्याची वाट बंद होते. खोडरबर आणि मास्क यांतला खरा फरक इथे कळतो: खोडलेले अनडूबरोबर जाते, मास्कने झाकलेले फाइलीत राहते.

2012 मध्ये आलेल्या 2.8 या आवृत्तीपासून गिम्पने Save आणि Export पूर्ण वेगळे केले. Save ने फक्त एक्ससीएफ होते, पीएनजी किंवा जेपीईजी हवी असेल तर Export घ्यावे लागते. सुरुवातीला अनेकांना याचा त्रास वाटला, पण ही शिस्त योग्यच आहे. पीएनजी काढून झाल्यावर प्रोग्रॅम बंद करताना गिम्प काम जतन केले नसल्याचे सांगतो, तेव्हा तो खरेच बोलत असतो. त्या इशाऱ्याला नाही म्हणून पुढे गेले की लेयर गेले. फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्यांची मूळ फाइल पीएसडी असते. तिला दोन जीबी आणि कुठल्याही बाजूला 30,000 पिक्सेल ही मर्यादा आहे, त्यापुढे पीएसबी वापरतात. गिम्प पीएसडी उघडतो आणि लेयरही दाखवतो, पण फोटोशॉपचे काही इफेक्ट त्यात जसेच्या तसे येत नाहीत. म्हणून मूळ फाइल ज्या प्रोग्रॅममध्ये बनली त्याच्याच स्वरूपात ठेवावी.

लेयरची फाइल जड होते, ही तक्रार खरी आहे. 4000 बाय 6000 पिक्सेलचा एक पूर्ण लेयर, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर, संगणकाच्या स्मृतीत 9.6 कोटी बाइट, म्हणजे जवळजवळ 96 एमबी जागा घेतो. असे दहा लेयर झाले की जुना संगणक अडखळू लागतो. उपाय लेयर एकजीव करणे हा नाही. सावली किंवा रंगदुरुस्ती पानाच्या लहानशा भागातच असते, म्हणून तो लेयर निवडून Layer > Crop to Content केले की त्याच्याभोवतीची रिकामी जागा निघून जाते आणि भार पुष्कळ कमी होतो.

वापरायची फाइल काढताना मूळ फाइलीवर काम करू नये. Image > Duplicate ने तिची प्रत घ्यावी. प्रतीत मूळ फोटो, तपासणीचे लेयर आणि सावली यांचे डोळे बंद करावेत, म्हणजे फक्त समई उरते. मग Layer > New from Visible घेतले की मास्क आणि रंगदुरुस्तीसह दिसणारी समई एका नव्या लेयरवर उतरते. बाकीचे लेयर प्रतीतून काढून टाकावेत आणि Image > Crop to Content करावे. भोवतीची मोकळी जागा कापली जाऊन चित्र साधारण 1500 बाय 5000 पिक्सेलचे उरेल. इथे Image > Flatten Image चुकूनही घेऊ नये. त्या आज्ञेने पारदर्शकताच जाते आणि मोकळ्या जागी पार्श्वभूमीचा रंग भरला जातो. कटआउट म्हणून आलेल्या फाइलीभोवती पांढरा चौकोन दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच आज्ञा असते किंवा जेपीईजी.

जेपीईजीत अल्फाला जागाच नाही, म्हणून ती या कामाला निरुपयोगी. जिफमध्ये पारदर्शकता आहे, पण पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही. त्यामुळे समईची गोल कड करवतीसारखी दातेरी होते. पीएनजीचा जन्मही जिफच्याच अडचणीतून झाला. जिफमधल्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते आणि 1994 च्या अखेरीस परवाना शुल्काचा प्रश्न पुढे आला, तेव्हा 1995 च्या सुरुवातीला काही जाणकारांनी एकत्र येऊन नवे मोफत स्वरूप आखायला घेतले. 1 ऑक्टोबर 1996 रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्याला मान्यता दिली. पीएनजीत पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या मिळतात आणि चित्र दाबताना एकही पिक्सेल बदलत नाही.

File > Export As घेऊन नाव samai_5000.png असे द्यावे. नावातला आकडा उंचीचा, म्हणजे फाइल न उघडता ती केवढी आहे ते कळते. पुढच्या चौकटीत दाबण्याची पातळी 9 ठेवली तरी दर्जा कमी होत नाही, फक्त फाइल लहान होते आणि जतन व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. त्याच चौकटीत Save color values from transparent pixels असा एक पर्याय असतो, तो बंद ठेवावा. तो चालू असेल तर पूर्ण पारदर्शक पिक्सेलमागचे रंगही फाइलीत जाऊ शकतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी भिंत, त्यावरचे कॅलेंडर किंवा शेजारी उभा असलेला माणूस फाइलीत राहू शकतो आणि कोणी अल्फा काढून टाकला तर पुन्हा दिसू शकतो.

सावली या फाइलीत घेतली नाही, त्याला कारण आहे. फोटोतली सावली त्या खोलीतल्या प्रकाशाची असते. ती समईला चिकटवून दिली तर नव्या पत्रिकेत प्रकाश डावीकडून असतानाही समईची सावली डावीकडेच पडेल. म्हणून सावली मूळ फाइलीत वेगळ्या लेयरवर ठेवावी आणि वापरताना त्या पानाच्या प्रकाशाप्रमाणे नव्याने करावी. दुसरे कारण थोडे तांत्रिक आहे. सावलीचे लेयर बहुधा Multiply मोडमध्ये असतात, म्हणजे खालच्या रंगाला ते गडद करतात. पारदर्शक फाइलीत खाली काहीच नसते, मग हा मोड कशावर चालणार? पीएनजीत मोड साठवायची सोयही नाही. त्यामुळे काही प्रोग्रॅममध्ये अशी सावली करड्या डागासारखी उमटते, तर काहींत समईबाहेरची सावली नाहीशीच होते.

हीच अडचण ज्योतीला अधिक जाणवते, आणि समई म्हटली की ज्योत आलीच. ज्योतीभोवतीची प्रभा ही वस्तू नसते, तो मागच्या दृश्यात मिसळलेला प्रकाश असतो. अल्फा फक्त झाकणे जाणतो, प्रकाश वाढवणे जाणत नाही. कापलेली प्रभा गडद निळ्या पानावर बरी दिसते. पांढऱ्या पानावर मात्र ती पिवळट धुक्यासारखी दिसते, कारण पांढऱ्यावर आणखी प्रकाश पडला तरी ते पांढरेच राहायला हवे. म्हणून समई न पेटवता दिवसाच्या सौम्य उजेडात फोटो काढावा आणि पाचही वातींच्या ज्योती अंधाऱ्या खोलीत काळ्या पार्श्वभूमीवर वेगळ्या टिपाव्यात. ज्योती कापायच्या नाहीत, त्यांची काळ्यासकटची फाइल samai_jyot_screen.png या नावाने ठेवायची. नव्या कामात ती समईच्या वर ठेवून लेयरचा मोड Screen केला की काळे आपोआप दिसेनासे होते आणि प्रकाश तेवढा उरतो.

केवढ्या आकारापर्यंत ही समई चालेल, याचे गणित सोपे आहे. छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात असे धरले तर 5000 पिक्सेलची समई सुमारे साडेसोळा इंच, म्हणजे 42 सेंटिमीटर उंच छापता येते. पत्रिकेला हे भरपूर झाले. सहा फुटी फ्लेक्सवर तीच समई पूर्ण उंचीने घेतली तर इंचाला सुमारे 69 पिक्सेल येतात. फ्लेक्स दुरून पाहिला जातो म्हणून तेवढ्याने भागते, दाराशी हाताच्या अंतरावर लावायचा असेल तर भागत नाही.

नव्या कामात ही पीएनजी File > Open as Layers ने आणावी, म्हणजे ती थेट वेगळा लेयर होऊन येते. आकार लहान-मोठा करताना एक पथ्य पाळावे. गिम्पमध्ये लेयर लहान केला की तितके पिक्सेल कायमचे जातात, मग तोच परत ताणून मोठा केला की समई धूसर होते. आकार बदलायचा असेल तर तो लेयर काढून पीएनजी पुन्हा आणावी. फोटोशॉपमध्ये यासाठी स्मार्ट ऑब्जेक्ट आहे. त्यात मूळ पिक्सेल आत जपून ठेवलेले असतात आणि आकार कितीदाही बदलला तरी चित्र दर वेळी त्यांच्यावरूनच नव्याने तयार होते. कड नंतर सुधारायची झाली तर ती पीएनजीवर कधीच सुधारू नये. samai_master.xcf उघडावी, मास्क दुरुस्त करावा, फाइल जतन करावी आणि पीएनजी नव्याने काढावी. दुरुस्ती पीएनजीवर केली की दोन फाइलींत दोन वेगळ्या समया तयार होतात आणि खरी कोणती ते कोणालाच सांगता येत नाही.

ऑफसेट छपाईसाठी आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. पीएनजीत फक्त पडद्याचे लाल-हिरवे-निळे रंग बसतात, छपाईचे सीएमवायके नाहीत. पितळेचा झगमगता पिवळा सीएमवायकेत थोडा मंद होतोच. तो छापखान्यात अचानक मंद झालेला पाहण्यापेक्षा रूपांतर आधी करून, पडद्यावर पाहून, टिफ किंवा पीएसडी देणे चांगले. दोन्हींत सीएमवायके रंग आणि पारदर्शकता एकत्र राहतात.

शेवटचा धोका फाइल पाठवतानाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएनजी फोटो म्हणून पाठवली की ती जेपीईजी होते, पारदर्शकता जाते आणि समईमागे पांढरा किंवा काळा चौकोन येतो. म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा. इंटरनेटवरून घेतलेल्या फाइलीत तर कधी कधी करड्या-पांढऱ्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात आणि ती पारदर्शक मुळीच नसते. तेव्हा पीएनजी कुठूनही आली तरी पानावर बसवण्याआधी तिच्याखाली एक गडद रंगाचा लेयर ठेवून एकदा पाहून घ्यावे.